‘तो लाडूवाला काढा’ म्हणाले तर: भिंतीवरचं नवं कार्टून वर्णनातून कसं उभं करावं

एक पोरगा आहे. अंग उघडं, कमरेला केशरी धोतर, गोल गरगरीत चेहरा. लाडू खाल्ला की अंगात बळ येतं आणि मग तो भल्याभल्यांना लोळवतो. सोबत बोलणारं माकड.

मी नाव घेतलं नाही. तरी तुमच्या डोळ्यांपुढे तो उभा राहिलाच.

ही गोष्ट अगोदर नीट समजून घ्या, कारण नवीन माणसाला या कामात पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘कार्टूनचं नाव लिहू नको, नुसतं वर्णन लिही, म्हणजे कॉपी होत नाही.’ सल्ला अर्धा खरा आहे. नाव गाळायलाच पाहिजे. पण नाव गाळून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर तुम्ही त्याच चित्राचा पत्ता दुसऱ्या शब्दांत लिहिला, एवढंच. चित्रकार त्याच घरी पोहोचतो.

मी आर्वी आणि कारंजा घाडगे या तालुक्यांत शाळा आणि अंगणवाड्यांच्या भिंती रंगवतो. बाला उपक्रमातल्या बोलक्या भिंती म्हणतात ते काम. सुरुवातीला मीही मोबाइलवर चित्र उघडायचो, चौकोन टाकायचो आणि जसंच्या तसं भिंतीवर उतरवायचो. लोक वाहवा करायचे. मग एका ठिकाणी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘हे कोणाच्या परवानगीनं काढलं?’ उत्तर नव्हतं. दोन भिंती पांढऱ्या कराव्या लागल्या, त्यावर नवीन काम घरच्या पैशानं करून द्यावं लागलं, आणि बिल तोवर अडकलेलं. तेव्हापासून आधी वर्णन लिहायचं, मग चित्र, अशी सवय लावून घेतली. तीच पद्धत इथं सांगतो. भिंत रंगवणाऱ्या नव्या पेंटरला, फ्लेक्सच्या दुकानात नव्यानं बसलेल्या मुलांना, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्णन पाठवून चित्र मागवणाऱ्या गुरुजींना आणि अंगणवाडीताईंना ती सारखीच कामी येईल.

कायदा कुठे रेघ ओढतो

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात चित्र चांगलं की वाईट हे पाहत नाहीत. काढलेलं चित्र कलाकृतीच धरलं जातं आणि त्याची नक्कल करण्याचा हक्क मालकाचा असतो. कागदावरच्या चित्राची मूर्ती केली तरी तो त्याच हक्काचा भाग आहे, म्हणून मातीचा किंवा थर्माकोलचा केला तर चालतो, ही समजूत चुकीची आहे.

पण कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं. एका नाटककाराचं म्हणणं होतं की त्याच्या नाटकावरून सिनेमा उचलला. न्यायालयानं नक्कल मानली नाही, कारण विषय एक असला तरी मांडणी वेगळी होती. त्याच निकालात कसोटीही दिली: दोन्ही पाहिलेल्या साध्या माणसाच्या मनात ‘हे त्याच्यावरूनच घेतलं’ असा पक्का ठसा उमटतो का? ही कसोटी लक्षात ठेवा. पुढे आपण ती दहा-बारा पोट्ट्यांवर लावणार आहोत.

दुसरा खटला आपल्या कामाच्या आणखी जवळचा. १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयात कॉमिक्सच्या दोन प्रकाशकांचा वाद गेला. एकाचा नायक नागराज, तो आधीचा. दुसऱ्यानं काढला नागेश. नाव वेगळं होतं. पण अंगावर तसाच हिरवा सापाच्या कातडीसारखा पेहराव, सापांशी तसंच नातं, आणि नावही कानाला जवळचं. न्यायालयानं नागेशला मनाई केली. सापाची ताकद असलेला नायक ही कल्पना कोणाच्या मालकीची नव्हती. पण पेहराव, रंग, सापांचं नातं आणि नावाचा आवाज हे सगळं एकत्र आलं, आणि ती जुडी नागराजची होती.

जुडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मेथीची एक काडी कोणाच्या वावरातली, सांगता येत नाही. केशरी धोतर कोणीही नेसतं, लाडू कोणीही खातं, उघड्या अंगाची पोरं तर उन्हाळ्यात गावभर. एकेक खूण सुटी घेतली तर ती सगळ्यांची. बांधून जुडी केली की ती एकाची होते. वर्णन लिहिणं म्हणजे ही जुडी सोडणं आणि आपली नवी बांधणं.

पहिलं काम: चित्र कशासाठी पाहिजे ते विचारा

आर्वी तालुक्यातल्या एका अंगणवाडीचं काम सांगतो. दार आणि खिडकी यांच्यामध्ये दहा फूट रुंद भिंत, वापरता येईल अशी उंची पाच फूट. ताई म्हणाल्या, ‘भाऊ, तो लाडूवाला काढून द्या. पोट्टे खूश होतात.’

मी विचारलं, ‘ताई, खूश होतात ते ठीक. पण तो काढून होणार काय?’

‘अवो, पोट्टे खिचडी तशीच ठेवून देतात. खाल्लं तं ताकद येते, हे दिसलं पाहिजे त्यायले.’

खरी मागणी ही. लाडूवाला हे ताईंना सुचलेलं उत्तर होतं, गरज वेगळीच होती. गरज समजली की तुम्ही एका विशिष्ट पात्रापासून सुटता आणि पात्राच्या जातीवर येता. इथं जात कोणती? वयानं लहान, पण खाल्ल्यावर मोठ्यांना जमणार नाही असं काम करणारं मूल. ही जात टीव्हीच्या किती तरी आधीची आहे. महाभारतातला भीम खाण्याबद्दल आणि ताकदीबद्दल प्रसिद्धच आहे, बाळ मारुतीच्या गोष्टी आजी सांगते, आणि अमेरिकेत पालक खाऊन दंड फुगवणारा खलाशी १९२९ पासून वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आहे. इतक्या ठिकाणी दिसणारी गोष्ट कोणी एकटा आपली म्हणू शकत नाही.

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत कागदावर लिहा. आमची ओळ होती: ‘खिचडी खाल्ली की लहान लेकरूही जड काम करतं.’ पुढे कुठं अडलं की या ओळीकडे परत यायचं.

दुसरं काम: कागदाचे दोन भाग करा

कागद मधोमध दुमडा. डावीकडे जातीचे गुण, उजवीकडे ओळखीच्या खुणा. आता जे कार्टून लोकांनी मागितलं ते डोळ्यांपुढे आणा आणि आठवेल तो प्रत्येक गुण एकेक करून लिहा. चित्र उघडून पाहू नका, आठवणीतून लिहा. लोकांच्याही मनात तेच राहिलेलं असतं.

प्रत्येक गुण कुठल्या बाजूला टाकायचा, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो. हा गुण त्या कार्टूनच्या आधीपासून, एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी मला दाखवता येतो का? येत असेल तर डावीकडे. नसेल तर उजवीकडे. लहान असून बलवान: डावीकडे. खाण्यातून बळ: डावीकडे. गावाला मदत करतो: डावीकडे. सोबतीला प्राणी: डावीकडे. पण ‘सोबतीला बोलणारं माकड’ लिहिलंत की ते उजवीकडे जातं. लाडूच खाणं, केशरी धोतर, उघडं अंग, गोल चेहऱ्याखाली ते आखूड भरीव शरीर, हे सगळं उजवीकडे.

पाहा, गुण जितका मोघम, तितका तो डावीकडे राहतो. तपशील जोडत गेलं की तो उजवीकडे सरकतो. ‘प्राणी मित्र’ सगळ्यांचा, ‘माकड मित्र’ संशयाचा, ‘उघड्या अंगाच्या बलवान पोराचा माकड मित्र’ ओळखीचा. म्हणून डावीकडचं घेताना मोघमच घ्यायचं आणि तपशील आपण घालायचा.

उजवीकडचं किती घेतलं तर चालतं, असं नवीन पोरं हमखास विचारतात. कायद्यात असा आकडा नाही. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; असा नियम कुठेही लिहिलेला नाही. माझा स्वतःचा नियम: उजवीकडचं काहीच घ्यायचं नाही. अगदीच नाइलाज असेल तर एक. दोन कधीच नाही, कारण दुसरी खूण आली की पाहणाऱ्याचं मन तिसरी आपणच भरतं.

तिसरं काम: रिकामी जागा गावातून भरा

बहुतेक जण इथं चुकतात, आणि मीही चुकलो. उजवीकडच्या खुणा खोडल्या की पात्र उघडं पडतं. मग हात आपोआप शेजारची वस्तू उचलतो. लाडूऐवजी भाकर, केशरीऐवजी हिरवं धोतर, माकडाऐवजी कुत्रं. माझा पहिला मजकूर असाच होता: ‘गोल चेहऱ्याचा हसरा मुलगा, दंड भरीव, हिरवं धोतर, एका हातात भाकर, दुसरा हात कमरेवर.’ कागदावर काढून अंगणवाडीच्या पायरीवर बसलेल्या पोट्ट्यांना दाखवलं.

एक पोरगी लगेच म्हणाली, ‘काका, हा तं लाडूवालाच हाये ना जी. भाकर खाऊन रायला.’

तिचं बरोबर होतं. मी वस्तू बदलल्या होत्या, माणूस तोच ठेवला होता. अदलाबदल करून नवं पात्र होत नाही. त्यासाठी आधीचं पात्र बाजूला ठेवून ती एक ओळ घ्यावी लागते आणि आपल्या गावाला प्रश्न विचारावे लागतात.

मी ताईंना विचारलं, ‘गावात सगळ्यात जड काम कोणतं?’ त्या म्हणाल्या, ‘पावसाळ्यात बंडी फसते ते.’ काळ्या मातीत, आषाढ-श्रावणात, खताची भरलेली बंडी आसापर्यंत रुतली की चार माणसं खांदा लावतात. हे पोट्ट्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग आमच्या पात्राला कोणाशी मारामारी करायची गरजच उरली नाही. खलनायक नाही, कुस्ती नाही. रुतलेलं चाक आहे. हा बदल रंग बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा, कारण पात्र काय करतं यावरून ते कसं उभं राहतं हे ठरतं. कमरेवर हात ठेवून उभा राहणारा वीर गेला, चाकाला खांदा लावून वाकलेलं लेकरू आलं.

ते लेकरू कोण? अंगणवाडीत धाकट्या भावाला सोडायला येणारी मोठी बहीण रोज दिसते. आठ-नऊ वर्षांची, वडलांचा जुना शर्ट घातलेली, बाह्या हाताच्या पंज्याखाली लोंबणाऱ्या. पात्र तिच्यासारखं असावं असं ठरलं. कोणत्याही एका पोरीचा चेहरा घेतला नाही. गावात ते बरं दिसत नाही आणि उद्या घरचे नाराज होतात. मुलाची मुलगी केली म्हणून काम झालं असंही समजू नका. गोल चेहरा, उघडे भरीव दंड आणि लाडू तसेच ठेवून नुसत्या वेण्या घातल्या असत्या, तर पोट्टे म्हणाले असते, ‘लाडूवाल्याची बहीण.’

लोंबणाऱ्या बाह्यांतून आम्हाला हवं ते मिळालं. उपाशी असली की बाह्या लोंबतात, हात दिसत नाहीत. खिचडी संपवली की ती बाह्या कोपरापर्यंत दुमडते आणि कामाला लागते. दंड फुगवायची गरज नाही, चमकणारा प्रकाश नाही. न वाचता येणाऱ्या चार वर्षांच्या लेकरालाही कळतं: थाळी भरलेली, बाह्या खाली, थाळी रिकामी, बाह्या वर. ही खूण आता त्या पात्राची स्वतःची झाली. नव्या पात्राला अशी एक तरी खूण लागते, जी पाहून लोक त्याला ओळखतील. नाहीतर ते कोणाची नक्कल नसतं, पण कोणाच्या लक्षातही राहत नाही.

सोबतीला प्राणी ताईंना हवाच होता. बंडी म्हणजे बैल, म्हणून आम्ही गोऱ्हा घेतला. तो डोक्यानं बंडी मागून ढकलतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या पोट्ट्यांना तो ओळखीचाच. तो बोलत नाही.

चौथं काम: वर्णन लिहिणं

आता मजकूर. दहाएक लहान वाक्यं पुरतात, पण क्रम महत्त्वाचा. आधी शरीराचा आकार, मग डोकं आणि केस, मग कपडे आणि रंग, शेवटी काय करते आहे. चित्रकार वाचत जातो तसतसं त्याच्या मनात आकृती भरत जाते. पहिलंच वाक्य ‘शूर, बलवान, गोड मुलगी’ असं असेल तर तो रिकामी आकृती आपल्या आठवणीतून भरेल, आणि आठवणीत टीव्हीच असतो.

आकाराचं माप आम्ही डोक्यांत सांगतो. पूर्ण उंचीत किती डोकी बसतात, ते. टीव्हीवरची लहान कार्टूनं बहुतेक अडीच-तीन डोक्यांची असतात, म्हणून ती बाहुलीसारखी गोंडस दिसतात. आमची आम्ही चार डोक्यांची आणि सडपातळ केली. या एका मापानं ती त्या सगळ्या घोळक्यातून बाहेर आली.

शेवटी ठरलेला मजकूर असा:

‘आठ-नऊ वर्षांची मुलगी. उंची चार डोकी, अंग सडपातळ, रंग सावळा. चेहरा लांबट, हनुवटी टोकदार, समोरचा एक दात पडलेला. दोन वेण्या, कानाजवळ दुमडून तांबड्या रिबिनीनं बांधलेल्या. अंगात वडलांचा जुना निळा चौकडीचा शर्ट, गुडघ्यापर्यंत लांब. खाली पिवळी सलवार, पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली. पाय अनवाणी, चिखलानं भरलेले. पहिल्या चित्रात ती धुऱ्यावर बसली आहे, बाह्या पंज्याखाली लोंबतात, समोर खिचडीची भरलेली थाळी, मागे रुतलेली बंडी. दुसऱ्या चित्रात थाळी रिकामी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, ती चाकाला खांदा लावून वाकली आहे; मागून पांढरा गोऱ्हा डोक्यानं ढकलतो. चेहऱ्यावर जोर, हसू नाही.’

‘हसू नाही’ हे मुद्दाम लिहिलं. चित्रकाराला सांगितलं नाही तर तो प्रत्येक कार्टूनला तेच मोठं हसू देतो.

मजकुरात ज्या शब्दांना जागा नाही ते ‘सारखा’, ‘टाइप’ आणि ‘स्टाइल’. ‘अमक्यासारखा पण वेगळा’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, की तालुक्याच्या दुकानातलं पोरगं काय करतं? अमक्याचं नाव गुगलवर टाकतं, पारदर्शक पीएनजी उतरवतं, शर्टाचा रंग बदलतं आणि फ्लेक्स छापून देतं. ‘पण वेगळा’ हे दोन शब्द त्याच्या कामाचे नसतात. नकारही तसाच धोक्याचा: ‘लाडूवाल्यासारखा नको’ लिहिलं तरी मनात लाडूवालाच येतो. नको असलेल्या गोष्टीचं नावच न काढणं बरं.

पात्राला नावही त्याच काळजीनं द्या. आधीच्या नावाशी यमक जुळणारं नको, त्याच्या पुढे-मागे ‘छोटा’, ‘सुपर’ लावलेलं नको. नागेशचं काय झालं ते वर आलंच आहे. आमच्या ताईंनी नाव ठेवलं ‘सरी’. वावरातली सरी. नाव लहान, पोट्ट्यांच्या तोंडात बसणारं, आणि ते ऐकून कोणतंही कार्टून आठवत नाही.

पाचवं काम: काळी आकृती आणि पोट्ट्यांची परीक्षा

कच्चं चित्र पेन्सिलनं झालं की रंग भरायच्या आधी त्याची प्रत काढा आणि ती प्रत बाहेरच्या रेघेच्या आत पूर्ण काळी करा. चेहरा, कपडे, रंग सगळं गेलं. राहिला नुसता आकार. दहा पावलांवर धरून पोट्ट्यांना विचारा, ‘हे कोण?’ कोणाचंही नाव सुचवू नका.

लोकप्रिय कार्टूनं मुद्दाम अशी काढलेली असतात की नुसत्या सावलीवरून ओळखू यावीत. तीन गोळे एकमेकांना चिकटवले तर जगभर कोणता उंदीर आठवतो, ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे सावली ओळखली गेली, तर आत कितीही वेगळे रंग भरा, उपयोग नाही. माझ्या पहिल्या चित्राची सावली मी नंतर अशी काळी करून पाहिली आणि चूक तिथेच दिसली: गोल डोकं, आखूड जाड हात, कमरेवरचा कोपर. रंग मी बदलला होता, ही रेघ जशीच्या तशी होती.

काळी आकृती पास झाली की रंगीत चित्र दाखवा. दहा-बारा पोट्टे पुरतात, पण एकेकट्याला विचारा. एकानं ओरडून नाव घेतलं की बाकीचे तेच म्हणतात. त्यांतल्या दोघांनी जरी टीव्हीतलं एकच नाव घेतलं तर परत कागदावर या. बदलायचं ते शरीराच्या आकारापासून: आधी अंगाची ठेवण आणि उंचीची डोकी, मग केसांची बाहेरची रेघ, मग उभं राहण्याची ढब, मग कपड्यांची काट, आणि सगळ्यात शेवटी रंग. नवीन माणूस नेमका उलटा जातो, कारण रंग बदलणं सोपं.

सरीला काळ्या आकृतीत एकानंही ओळखलं नाही. एक जण म्हणाला, ‘कोनाची तरी ताई हाये.’ रंगीत चित्र पाहून एकीनं विचारलं, ‘इचे हात काहून नाही दिसून रायले?’ म्हणजे बाह्या नेमक्या जागी लागल्या होत्या.

भिंतीवर उतरवताना

मोबाइलवरचं मूळ कार्टून या वेळी अजिबात उघडू नका. हाताला रेघेची सवय असते, डोळ्यापुढे जे असेल तिकडे हात वळतो. चौकोन टाका, पण स्वतःच्या चित्रावर. आम्ही दर चित्राला एक ए-फोर कागद आडवा घेतला आणि त्यावर एक इंचाचे चौकोन आखले. भिंतीवर खडूच्या दोरीनं सहा इंचांचे चौकोन मारले. सरी उभी धरली तर कागदावर आठ इंच, भिंतीवर चार फूट, म्हणजे डोकं बरोबर एक फुटाचं. हे माप पाहून चेहरा काढला की तो मोठा होत नाही. भिंतीवर डोकं नकळत फुगतं, आणि फुगलं की परत तीन डोक्यांचं गोंडस कार्टून तयार होतं. ते दोरीनं मोजून पाहा.

जिथं ही पद्धत लागू नाही

वाढदिवसाच्या फ्लेक्सला एखाद्या घरी नेमकं तेच टीव्हीवरचं पात्र पाहिजे असेल, तर कितीही चांगलं वर्णन लिहा, त्यांना ते नको असतं. अशा वेळी सरळ सांगायचं की ते मी छापत नाही, मालकाकडून परवाना घेतलेल्या वस्तू बाजारात मिळतात त्या घ्या. गुरुजींनी वर्गात शिकवताना फळ्यावर खडूनं एखादं कार्टून काढलं तर ती वेगळी गोष्ट. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतीला कायद्यात सूट आहे. पण पैसे घेऊन वर्षानुवर्षं भिंतीवर राहणारं चित्र त्या सुटीत बसतं, असं धरून चालू नका.

‘ते तर जुनं झालं, आता सगळ्यांचं आहे’ असंही कानावर येतं. १९२८ सालच्या छोट्या चित्रपटातला बोट चालवणारा उंदीर अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला सगळ्यांसाठी खुला झाला, हे खरं. पण खुलं झालं ते त्या वर्षातलं काळं-पांढरं रूप. पुढच्या वर्षांत त्याला जी नवी रूपं मिळाली त्यांचा हिशेब वेगळा, नाव आणि ओळखचिन्ह यांचा ट्रेडमार्क वेगळा, आणि प्रत्येक देशाची मुदत वेगळी. आपल्या गावच्या भिंतीसाठी इतकं गणित मांडण्यापेक्षा एक सरी काढणं लवकर होतं.

कागद जपून ठेवा

दोन भागांचा तो कागद, वर्णनाचा मजकूर, फसलेलं पहिलं चित्र, काळी आकृती, या सगळ्यांवर तारीख टाकून एका फाइलीत ठेवा. उद्या कोणी बोट दाखवलं, तर हे पात्र कसं घडत गेलं ते कागदावरून दाखवता येतं. त्याच फाइलीत आणखी एक चिठ्ठी असू द्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून सरी दुसऱ्या गावात काढायची तर कोणाला विचारायचं, हे आधीच दोघांच्या सहीनं लिहून ठेवलं. आमच्या चिठ्ठीत असं आहे की कोणत्याही अंगणवाडीला सरी काढता येईल, पण वर्णन बदलायचं नाही आणि बाह्यांची खूण सोडायची नाही.

गेल्या पावसाळ्यात कारंजा तालुक्यातल्या एका ताईंनी सरी मागितली. मला जाणं जमत नव्हतं. तिथल्या पेंटरला मी चित्र पाठवलं नाही, नुसता वर दिलेला मजकूर पाठवला आणि म्हटलं, आधी यावरून काढून पाहा. चार दिवसांनी त्याच्या भिंतीचा फोटो आला. रेघ त्याची, बंडी रबरी चाकांची, गोऱ्हा जरा जास्तच लठ्ठ. पण धुऱ्यावर बाह्या लोंबकळत बसलेली ती सरीच होती.